मारोतीनं विमानं किती पाडली?

लातूर नवा जिल्हा झाला तवा कलेक्टर कचेरीच्या फाटकावर पहारेकरी पाहिजे व्हते. माजी सैनिकाला पहिला मान, म्हणून आमचा मारोती लोह्याकडचं गाव सोडून तिथं लागला. मी कंधारहून कधीमधी जातो भेटायला. गेलो की हमखास एक तरी शहाणा फाटकावर उभा असतो आन् इचारतो, "लढाईत व्हते म्हणं तुम्ही? विमानं पाडायच्या तोफंवर? किती पाडली मग?"

मारोती म्हणतो, "एकबी न्हाई."

शहाणा हसतो. कारकून असला तर जरा जास्तच हसतो. मारोतीला काही वाटत न्हाई, पण माझी तळपायाची आग मस्तकात जाते. अरे बाबा, तुझ्या दारात कुत्रं बसवलंय त्ये चोर मारायला बसवलंय का चोर येऊ नये म्हणून? पण सांगणार कुणाला! म्हणून इथं सांगून राहिलो. मी रामकिशन, त्याच तोफंवर चार नंबरचा गडी. म्हंजे गोळे भरणारा आन् पायानं घोडा दाबणारा. समदं माझ्या डोळ्यादेखत झालंय.

नांदेडच्या भरतीत आम्ही तिघं एकाच दिवशी लागलो. मी, मारोती आन् भुजंग. मारोतीचं घर बौद्धवाड्यातलं. त्याची माय नागुबाई भुजंगाच्या घरच्या शेतावर राबायची, आन् पोरपणी मारोती त्याच शेतात माळ्यावर चढून ज्वारीची पाखरं हाकायचा. गोफण अशी चालवायचा की पंचक्रोशीत नाव. भुजंग मालकाचा लेक. पण फौजेत काय, ज्याचा हात ज्या कामाला चालतो, त्याला ते काम. मारोतीची नजर आन् हात पाहून त्याला तोफंचा नेम धरायला बसवलं, आन् मालक झाले गोळे वाहणारे. भुजंग खांद्यावर गोळ्यांची पट्टी घेऊन आला की मारोतीलाच म्हणायचा, "घ्या मालक, पेंडी आणली." मारोती लाजून लाल व्हायचा.

तोफ आमची चाळीस मिलिमीटरची, बोफर्स म्हणतात तिला. चार गोळे एका पट्टीत, पट्टी वरून खाली सोडायची, मी पाय दाबला की धाड धाड धाड, मिनिटाला शंभराच्या वर. रिकामी पितळी नळकांडी खालच्या पन्हाळीतून घरंगळत जातात. डाव्या-उजव्या अंगाला दोन गडी बसतात. दोन नंबर, म्हंजे मारोती, चाकं फिरवून तोफ आडवी फिरवतो. तीन नंबर तोंड वर-खाली करतो. दोघांच्या डोळ्यापुढं लोखंडी जाळीची एकेक चक्री, तिच्या मधल्या ठिपक्यावर विमान धरायचं.

आता खरी मेख ऐका. गोळा जाऊन पोचायला दोन सेकंद लागतात, आन् तेवढ्यात विमान दोन फर्लांग पुढं निघून जातं. म्हणून विमानावर नेम धरला तर गोळा त्याच्या शेपटीमागं रिकाम्या आभाळात. नेम पुढं धरायचा, पण किती पुढं? हे ठरवायला नेमवाल्यांच्या मागं एक गडी उभा असतो, त्याच्या हातात डंडी. विमान कुठल्या दिशेनं चाललंय आन् किती जोरात, हे तो डोळ्यानं पाहून डंडी फिरवतो. डंडीला सळ्या जोडल्यात, त्या सळ्या चक्र्या सरकवतात. नेमवाला बिचारा थेट विमानच पाहतो, पण तोफंचं तोंड मात्र विमानाच्या पुढं असतं. नेमवाल्यानं अक्कल चालवायची न्हाई. ठिपका विमानावर ठेवायचा, बस.

आन् मारोतीला नेमकं तेच जमंना!

सरावाला एक विमान लांब दोरीनं कापडाची नळी ओढत न्यायचं आन् आम्ही त्या नळीवर गोळे मारायचे. पहिल्याच दिवशी आमचे गोळे गेले नळीच्या पुढं. दुसऱ्या पट्टीला आणखी पुढं. प्रत्येक गोळ्याच्या बुडाशी लाल ठिणगी जळत असते, म्हणून दिसतं तो कुठं चाललाय. त्या ठिणग्या नळी सोडून दोरीच्या अंगानं सरकत चालल्या, आन् दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय, तर आमचंच विमान! वायरलेसवर पायलट असा बोंबलला की बास. सराव बंद. सायबानं इचारलं, ह्या तोफंवरचा नेमवाला दुश्मनाचा हाय का आपला?

आमचा हवालदार वीरण्णा, उदगीरकडचा, अर्धं कानडी बोलायचा. त्यानं मारोतीला बाजूला घेतलं. "काय करून राहिला तू?"

"काय न्हाई उस्ताद. जरा म्होरं धरलं."

"डंडीनं म्होरं धरलेलंच असतंय की रे! तू कशाला धरतो?"

मारोती मान खाली घालून म्हणाला, "हाताला सवय हाय. पाखरू उडालं की धोंडा त्याच्या म्होरं."

गोफणवाल्याशिवाय कुणी करायचं न्हाई असली चूक! पुण्याचं पोरगं असतं तर सांगितलं तसं मुकाट्यानं केलं असतं. ह्याचा हात लहानपणापासून पुढंच जाणारा. डंडी एकदा पुढं धरणार, हा दुसऱ्यांदा. वीरण्णानं त्याला सांगितलं, पुढच्या सरावाला असं झालं तर नेमावरून उठवून भटारखान्यात पाठवीन. मारोतीनं महिनाभर दम धरून हात बांधला. रिकामी तोफ घेऊन बसायचा आन् घारीवर ठिपका ठेवायचा, पुढं जाऊ द्यायचा न्हाई. जमलं शेवटी. पण कपाळावर घाम यायचा, पोरगं रडकुंडीला यायचं.

एकदा भुजंगानंच वीरण्णाला इचारलं, "उस्ताद, तुम्ही किती पाडली?"

वीरण्णा चिडला न्हाई. त्याचा चुलता दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजावरच्या तोफंवर व्हता. तो सांगायचा, तवा मोठ्या सायबांनी म्हणं इचार केला की ह्या जहाजांवरच्या तोफा काढून दुसरीकडं लावाव्या. विमानं पडतात तरी कुठं? शंभर हल्ल्यांतून चार. मग कुणीतरी उलटं मोजलं, की तोफावाली जहाजं बुडतात किती आन् बिगर तोफांची किती. तर तोफावाली बिगर तोफांच्या निम्म्याहून कमी बुडत व्हती. तोफा जागच्या जागी राहिल्या.

"पायलट बी माणूसच हाय," वीरण्णा म्हणाला. "बॉम्ब नेमका टाकायचा तर त्याला थोडा वेळ सरळ उडावं लागतंय. हलला की नेम गेला. तेवढा वेळ त्याला सरळ येऊ द्यायचं न्हाई, हे आपलं काम. पडला तर देवाची कृपा."

शहरं राखायला मोठ्या तोफा असायच्या, त्यांचं बी तसंच. त्यांचा गोळा विमानाला लागावा लागत न्हाई. गोळ्याच्या टोपीत वेळ भरतात, इतक्या सेकंदांनी फूट म्हणून. एक यंत्र विमानाची उंची, वेग, दिशा पाहून सांगतं की इतक्या सेकंदांनी ते तिथं असंल. मग तिथं गोळे फुटतात, काळे ढग होतात आन् लोखंडाच्या कपच्या चहूकडं उडतात. कपच्या पुन्हा खालीच येतात, म्हणून शहरातल्या लोकांना छपराखाली बसायला सांगत. आमचा गोळा लहान, तो थेट लागला तरच फुटतो. न्हाई लागला तर ठिणगी जळून संपली की आपोआप वरच फुटतो, आपल्याच गावावर पडू नये म्हणून.

एक्काहत्तरच्या डिसेंबरात आम्हाला पंजाबात एका रेल्वे पुलावर लावलं. वाळूच्या पोत्यांचा गोल खड्डा, मधी तोफ, वीस पावलांवर दुसऱ्या खड्ड्यात गोळे. दुपार व्हती. पश्चिमेकडून एक गाडी आली, पांढऱ्या डब्यांवर लाल क्रॉस. आघाडीवरचे जखमी. आन् नेमकी पुलाच्या मधोमध येऊन थांबली. म्होरं रूळ उखडला व्हता म्हणं, दुरुस्ती चालली व्हती. मागं घ्यायची तर मागं दुसरी गाडी. खिडकीतून एक पट्टी बांधलेला हात बाहेर आला आन् आम्हाला सलाम केला. भुजंगानं बी उलटा केला. "मालक, आज पाव्हणे हायती," असं मारोतीला म्हणाला.

फोन वाजला. वीरण्णानं ऐकला आन् शिटी मारली. "दोन! पश्चिम! खाली उडून राहिलेत!"

गाडी हलायचं नाव घेईना. लाल क्रॉस वरून दिसतो, पण पूल पण दिसतो, आन् दुश्मनाला पूल पाहिजे व्हता.

पहिलं विमान नदीच्या वळणावरून वर आलं. ठिपका, मग माशी, मग पंख. माझा पाय घोड्यावर. वीरण्णा आमच्या कानाशी ओरडून राहिला, "तडी! तडी!" म्हंजे थांब. लांबून गोळे घालवले तर ऐन वेळी पट्टी बदलत बसावं लागतं. "तडी... फायर!"

पाय दाबला. ठिणग्यांची माळ निघाली. पहिली मागं पडली, डंडीवाल्यानं डंडी सरकवली, दुसरी बरोबर तोंडासमोर. पायलट दचकला, पंख तिरपा झाला, बॉम्ब सुटले ते पुलावर न पडता आमच्या अंगाला. जमीनच उचलली गेली. तोंडात माती, कानात शिटी. उठून पाहतो तर खड्ड्याच्या काठावर भुजंग पालथा. पट्टी अजून मिठीत. मी त्याला पालथ्याचा उताणा केला आन् लगेच हात काढला. काय पाहायचं राहिलं व्हतं!

"रामकिशन! घोड्यावर!" वीरण्णा ओरडला. दुसरं विमान वळसा घालून येत व्हतं. पहिल्याची चूक यानं पाहिली व्हती, हा सरळ गाडीच्या ओळीनं खाली आला. गाडीतली माणसं काही पळू शकत न्हाईत, पाय असते तर गाडीत कशाला असती!

तेवढ्यात डंडीवाला किंचाळला, "उस्ताद, डंडी गेली!" कपचीनं सळी तुटली व्हती. डंडी नुसती गरागरा फिरत व्हती, चक्र्या जागच्या जागी आडकलेल्या. आता ठिपक्यावर विमान धरलं तर गोळे मागं जाणार.

वीरण्णानं एक श्वास घेतला असंल नसंल. "मारोती, डंडी न्हाई! हात मोकळा सोड! तुझ्या हातानं धर म्होरं!"

मारोती हलंना. मी पाहिलं त्याच्याकडं. महिनाभर बांधलेला हात, आन् समोर भुजंग पडलेला. ठिपका विमानावरच. "मारोत्या!" मी बोंबललो, "अरे हाण की, रांडंच्या!"

मग चाक फिरलं. तोफंचं तोंड विमान सोडून रिकाम्या आभाळाकडं गेलं, इतकं पुढं की मला वाटलं पोरगं येडं झालं. तीन नंबरनं त्याचं पाहून तोंड तेवढंच दाबलं. मी पाय दाबला. पहिल्या ठिणग्या नाकाच्या पुढं गेल्या. त्यानं किंचित मागं घेतलं. एक माळ त्या पायलटच्या डोळ्यासमोरून अशी गेली की त्याला तिच्यातूनच जावं लागलं असतं. दुसरी पट्टी कोण देणार? भुजंग तर गेलेला. वीरण्णानं स्वतः त्याच्या मिठीतली पट्टी ओढून माझ्या हातात दिली. रक्तानं चिकट झालेली. मी ती खाली सोडली आन् पाय दाबून धरला, उचललाच न्हाई.

पायलटनं नाक वर केलं. बॉम्ब सुटले, पण उशिरा. पुलाच्या पलीकडं वाळूत पडले, पाणी आन् वाळूचा डोंगर उठला, डब्यांवर रेती बरसली. विमान धड अंगानं ढगात निघून गेलं. त्याला खरचटलं बी न्हाई.

थोड्या वेळानं रूळ दुरुस्त झाला आन् गाडी निघून गेली. भुजंगाला आम्ही तिथंच अग्नी दिला.

बहात्तरच्या दुष्काळात आम्हाला सुट्टी मिळाली. मी मारोतीसंगं त्याच्या गावी गेलो, भुजंगाच्या मायला भेटायला. विहिरींचा तळ दिसत व्हता. रानात ज्वारीचं एक ताट न्हाई. मालक काय, मजूर काय, समदे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. साखराबाई, भुजंगाची माय, जिच्या वाड्यासमोर पूर्वी बैलगाड्या उभ्या राहायच्या, तीबी हातोडी घेऊन बसलेली. तिच्या शेजारी नागुबाई. खडी वाहायची पाटी दोघींत एकच.

शाळेच्या भिंतीवर सरपंच अण्णारावानं मोठी पाटी रंगवून घेतली व्हती. शहीद भुजंग, यांच्या तोफेने शत्रूची तीन विमाने पाडली. अण्णाराव वाटेतच भेटला आन् मला म्हणाला, "पाटी पाह्यली का? म्हातारी रोज जाता-येता तिला हात लावती. रडली न्हाई तार आल्यापासून. त्या तीन विमानांवरच जगून राहिली ती. ध्यानात ठिवा."

मी मारोतीला कोपऱ्यात घेतलं. "तीन म्हणायचं. कळलं? तुझी माय साखराबाईच्याच शेतात राबती. म्हातारी कोसळली तर गाव तुला खाईल."

"हाव," एवढंच म्हणाला. मला वाटलं पटलं.

खडीवर गेलो. सरकारी सुकडीचा खाऊ वाटायची येळ व्हती, समदं गाव तिथं. साखराबाईनं मारोतीला पाहिलं आन् हातोडी खाली ठेवली.

"मारोत्या, तू व्हतास ना रे त्याच्यासंगं?"

"व्हतो, माय."

"ज्यानं माझ्या भुजंगाला मारलं, त्ये इमान पाडलं ना तुम्ही?"

अण्णाराव मोठ्यानं म्हणाला, "तीन पाडली की! सांग रे."

सगळ्या हातोड्या थांबल्या. मी मारोतीच्या दंडाला चिमटा काढला. नागुबाई मान वर करंना.

"न्हाई, माय," मारोती म्हणाला. "एकबी न्हाई पडलं. दोन्ही निघून गेली."

"अरे गप!" अण्णाराव अंगावर धावला. "लाज हाय का? मग त्यानं जीव कशापायी दिला?"

साखराबाईनं नुसता हात वर केला आन् अण्णाराव जागच्या जागी थांबला. "बोल," ती मारोतीला म्हणाली.

मारोतीनं सांगितलं. गाडी, पूल, पांढरे डबे, खिडकीतला हात. पहिलं विमान कसं दचकलं, दुसरं कसं वर गेलं. आन् भुजंगाच्या मिठीतली पट्टी तो मेल्यावर तोफंत गेली, तिच्याच गोळ्यांनी ते वर गेलं, हे पण. आवाज हलला न्हाई त्याचा.

"गाडीत कोण व्हतं?"

"आपलेच जखमी शिपाई. डबेच्या डबे."

"बॉम्बनं कोणी गेलं का त्यातलं?"

"न्हाई, माय. एकबी न्हाई."

"त्येंच्या मायांना ठाव हाय का हे?"

"न्हाई. गाडीतल्यांनाच धड ठाव नसंल. त्यांना वाटलं असंल, गाडी वाढूळ थांबली, मग निघाली."

"म्हंजी त्या बाया आपल्या लेकरांना जेवायला वाढत असतील," साखराबाई म्हणाली, आन् तिचा चेहराच मोडला. पदर तोंडात कोंबून रडली. नागुबाई उठली आन् तिनं तिला कवेत घेतलं, गावासमोर. कुणाची हिंमत झाली न्हाई मधी बोलायची. मी मनात म्हणत व्हतो, मारोत्या, तुझ्या जिभेला हाड न्हाई, मारलंस म्हातारीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई शाळेत गेली. अण्णारावाला बोलावलं, रंगारी बोलावला. "तीन इमानं पुसा."

"काकी, असू द्या की. शोभा हाय गावाची."

"माझ्या लेकाच्या नावावर लबाडी नगं. पुसा. आन् लिवा, ह्यानं जखमींची गाडी राखली." मग मारोतीकडं वळली. "गाडीचं काही नाव हाय का रे?"

"न्हाई, माय."

"ऱ्हाऊ दे. नुसती गाडी लिवा."

रंगाऱ्यानं लिहिलं. साखराबाईला वाचता येत नव्हतं. ती मारोतीला म्हणाली, "तू वाच, मोठ्यानं." मारोती पाटीसमोर उभा राहिला. भुजंगाचं नाव वाचलं आन् पुढं त्याच्या तोंडून अक्षर निघंना. ज्यानं गावासमोर एवढं सांगितलं तो तिथं हुंदके देऊन राहिला.

मग मी वाचलं.